रागाचा मेसेज असा बदला

समजा, वस्तीतल्या आशाताईला सुपरवायझरचा मेसेज आला, "नवीन यादी आजच भरून द्या." थकलेली ताई लिहिते, "आम्ही काय मशीन आहोत? जमणार नाही!" मग वाद होतो तो तिच्या बोलण्यावर, कामाचा बोजा तसाच राहतो. आम्ही असं लिहायला सांगतो: "मॅडम, आज २५ घरांचा सर्वे आहे आणि दोन गरोदर बायांना तपासणीला न्यायचंय. यादी आज भरली तर सर्वे राहील. आधी कोणतं करू? नाहीतर यादी गुरुवारी दुपारी देते." हातात काय आहे, मागे काय पडेल आणि कधी जमेल, एवढंच सांगायचं. दिवस मात्र पाळता येईल असाच द्या. "दोन्ही करा" असं उत्तर आलं, तर सर्वेला सोबत कोण येईल, हेही लिहूनच विचारा.