केवायसीची मुदत ‘आज रात्री’ संपत नाही

पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात बँकेच्या अधिकारी वीस मिनिटं बोलल्या. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, “केवायसीसाठी पिशवीत काय घेऊन येता?” कुणी पॅन म्हणालं, कुणी रेशन कार्ड.

“काका, पॅन लागतं, पण त्यावर पत्ता नसतो,” त्या म्हणाल्या. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एक हवं. मूळ कागद दाखवायला आणि झेरॉक्स द्यायला, असं दोन्ही जवळ ठेवायचं. मुलाकडे राहायला गेल्यामुळे पत्ता बदलला असेल तर आधी आधारवर तो बदलून घ्यावा, म्हणजे दुसरी खेप वाचते. आणि काहीच बदललेलं नसेल तर? मग ‘बदल नाही’ एवढं लिहून दिलं तरी पुरतं, हे ऐकून बरेच जण चकित झाले.

मग दुसऱ्या रांगेतल्या निवृत्त शिक्षकांनी आपली हकिगत सांगितली. दुपारी फोन आला, “केवायसी नाही, खातं आज रात्री बंद.” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर BANK_KYC.apk नावाची फाइल आली. ती उघडल्यावर मेसेज वाचण्याची परवानगी मागणारी चौकट आली आणि त्यांनी ‘Allow’ दाबलं. पुढच्या फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर आणि पिन भरला. त्यांनी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तरी पैसे गेले.

नेमकं इथेच फसायला होतं. त्या परवानगीमुळे आलेला ओटीपी भामट्याला परस्पर वाचता येतो. म्हणून ‘ओटीपी सांगू नका’ एवढीच ताकीद आता पुरत नाही. फोनवर आलेली .apk फाइल उघडायचीच नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

खरी बँक एवढी घाई करत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या सुधारित नियमांनुसार मुदतीआधी किमान तीन सूचना द्याव्या लागतात आणि त्यातली निदान एक पत्राने. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी तर दहा वर्षांतून एकदाच अद्ययावत करावी लागते. तेव्हा ‘आज रात्री’ हे शब्द ऐकताच फोन ठेवावा आणि पासबुक घेऊन शाखेत जावं.

मास्तर मात्र दोन दिवस लाजेने गप्प राहिले, आणि तेच महागात पडलं. ग्राहकाच्या चुकीने गुप्त माहिती बाहेर गेली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरलं जातं. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेला सोसावं लागतं. 2017 पासून हा नियम आहे. म्हणून फाइल उघडली गेलीच, तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवा आणि लगेच 1930 लावा. घरच्यांना सांगायला संकोच वाटत असेल, तर ते नंतर सांगा. 1930 आधी लावा.