नळाचे पहिले पाणी किती सोडावे? जुने पाइप, गंज आणि शिसे

सकाळी उठून नळ सोडला की आधी थोडे तांबूस पाणी येते, मग ते स्वच्छ होते आणि आपण पातेले भरून घेतो. जुन्या इमारतीत राहणाऱ्या बहुतेक घरांत हे रोज घडते. दिसणारा तांबूस रंग लोखंडाच्या गंजाचा असतो आणि तो सहसा फारसा घातक नसतो. काळजी करण्यासारखा पदार्थ आहे शिसे, आणि त्याला ना रंग असतो, ना वास, ना चव. त्यामुळे पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणजे ते पिण्यायोग्य झाले, असे समजू नका.

शिसे येते कुठून?

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत बहुधा जीआय पाइप असतात, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. पूर्वी या मुलाम्यासाठी वापरलेले जस्त शुद्ध नसे. त्यात एक टक्क्याच्या आसपास शिसे असू शकते. मुलामा झिजतो, आत गंजाचा थर साचतो आणि शिसे त्या थराला चिकटून राहते. दुसरा स्रोत म्हणजे पितळी नळ, व्हॉल्व्ह आणि सांधे, कारण पितळ कापायला सोपे जावे म्हणून त्यात शिसे मिसळले जाते. तिसरा स्रोत आहे जुने पीव्हीसी पाइप. ते टिकाऊ व्हावेत म्हणून त्यांच्या उत्पादनात शिशाची संयुगे वापरली जात.

वाहत्या पाण्याला पाइपशी फार वेळ संपर्क मिळत नाही. पाणी रात्रभर सहा-आठ तास एकाच जागी उभे राहिले की धातू हळूहळू त्यात उतरतो. म्हणून सकाळचे पहिले पाणी आणि सुट्टीवरून परतल्यावरचे पाणी सर्वांत वाईट असते.

तांब्याभर पाणी सोडून का भागत नाही?

बरेच जण तांब्याभर पाणी सोडतात आणि निश्चिंत होतात. पण तेवढ्याने फक्त नळातले आणि शेवटच्या काही फुटांतले पाणी निघून जाते. भिंतीवरून खाली येणाऱ्या जुन्या पाइपमध्ये रात्रभर थांबलेले पाणी त्याच्यामागून येते. म्हणजे पहिल्या पेल्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या लिटरमध्ये शिसे जास्त असू शकते, आणि नेमके तेच तुम्ही भरून घेता.

किती पाणी सोडायचे, हे घरीच मोजता येते. अर्धा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते, तर एक इंची पाइपच्या मीटरमध्ये जवळपास अर्धा लिटर. समजा, तुमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्या घरापर्यंत एक इंची पाइप १२ मीटर आहे, आणि आत स्वयंपाकघरापर्यंत अर्धा इंची पाइप ६ मीटर. पहिल्यात सुमारे ६ लिटर आणि दुसऱ्यात १ लिटर, असे ७ लिटर पाणी रात्रभर थांबलेले असते. आत येणारे पाणी जुन्या पाण्यात थोडे मिसळतेच. म्हणून दीडपट, म्हणजे साधारण १० लिटर सोडा. २० लिटरच्या बादलीत ते निम्म्यापर्यंत येईल.

हे पाणी वाया घालवू नका. लादी पुसायला, झाडांना किंवा संडासात ते वापरता येते. आधी आंघोळी किंवा कपडे उरकले असतील, तर एक इंची पाइपमधले पाणी आपोआप निघून गेलेले असते. मग स्वयंपाकघराच्या नळातून दीड-दोन लिटर सोडले तरी पुरते. त्यानंतर दिवसभराचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी एकदम स्टीलच्या पिंपात भरून ठेवा. दुपारी चार-पाच तास नळ बंद राहिला, तर पाइपमधले पाणी पुन्हा थांबलेलेच असते.

उकळून किंवा गाळून शिसे जाते का?

उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते थोडे अधिक दाट होते. यूव्ही फिल्टरचाही शिशावर परिणाम होत नाही. आरओ यंत्र नीट चालत असेल तर ते शिसे बऱ्याच अंशी काढते. गरम पाण्यात धातू लवकर उतरतो, म्हणून गीझरचे पाणी चहा, भात किंवा बाळाच्या दुधासाठी वापरू नका. नळाच्या तोंडाशी जाळी असेल तर ती महिन्यातून एकदा काढून धुवा. गंजाचे शिसेयुक्त कण तिथे अडकून राहतात.

पाणी सोडण्याचा उपाय कुठे अपुरा पडतो?

हे कळण्यासाठी प्रयोगशाळेत दोन नमुने तपासून घ्या. पहिला नमुना सकाळी, रात्रभर नळ बंद ठेवून, काहीही न सोडता घेतलेला एक लिटर. दुसरा नमुना वरच्या हिशेबाने पाणी सोडून झाल्यावरचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे नसावे. समजा, पहिल्यात १८ आणि दुसऱ्यात ३ आले, तर दोष तुमच्या नळात किंवा पाइपमध्ये आहे आणि पाणी सोडण्याचा उपयोग होतो आहे. दोन्ही आकडे जास्त असतील, तर शिसे टाकीतून किंवा त्याआधीच येते आहे, मग कितीही पाणी सोडून फायदा नाही. दर वेळी आकडा खूप वेगळा येत असेल, तर गंजाचे कण सुटत असावेत. अशा वेळी तात्पुरता आरओ आणि कायमसाठी पाइप बदलणे, हाच मार्ग उरतो.

पाण्याचा स्रोत बदलल्यावरही सावध राहा. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला गेला आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचे फॉस्फेट घातले गेले नाही. पाइप तेच होते, पण त्यांच्या आतला संरक्षक थर सुटला आणि घराघरांत शिसे पोहोचले. तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचे पाणी सुरू झाले आणि पाण्याचा रंग बदलला, तर पुन्हा तपासणी करा.

पाइप बदलताना

पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेले, आयएसआय चिन्ह असलेले आणि शिसेमुक्त असे लिहिलेले सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी पाइप घ्या. स्वयंपाकघरात पितळेऐवजी स्टीलचा नळ बसवा. अर्धाच पाइप बदलला, तर कापताना आणि ठोकताना उरलेल्या पाइपमधला गंज सुटतो आणि काही आठवडे शिसे उलट वाढू शकते. शक्य असेल तर टाकीपासून नळापर्यंतचा पाइप एकदम बदला. काम झाल्यावर जाळी काढून अर्धा तास पाणी सोडा.

कोणाची तपासणी करावी?

मोठी माणसे पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषून घेतात, लहान मुले मात्र जवळपास निम्मा. शरीरात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. शिशाचा परिणाम मुलांच्या बुद्धीवर आणि वागण्यावर होतो, पण सुरुवातीला कोणतेही लक्षण दिसत नाही. वरचे दूध पाण्यात मिसळून पिणारे बाळ किंवा गर्भवती घरात असेल आणि पहिल्या नमुन्यात शिसे जास्त आले, तर डॉक्टरांना सांगून शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करा. रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळल्यास स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्याचे नमुने चांगले निघाले, तर सुरमा, भेसळीची हळद, जुना रंग आणि धातूंची भस्मे यांच्याबद्दलही डॉक्टरांना सांगा, कारण शिसे त्यांतूनही येते.