घरभाड्याचा हिशेब: आधी घरपट्टी, मग तीस टक्के

पुण्यातला एक फ्लॅट महिना 20,000 रुपयांनी भाड्याने दिला आहे. बाजारभावही तेवढाच, म्हणून वर्षाचं भाडं 2,40,000 धरू. त्यातून पहिल्यांदा घरपट्टी वजा होते, पण ती घरमालकाने त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली हवी. नुसतं बिल आलं म्हणून वजावट मिळत नाही, आणि भाडेकरूने भरली असेल तरीही नाही. मागची थकबाकी मात्र भरली त्या वर्षी चालते.

15,000 घरपट्टी गेली की उरतात 2,25,000. प्रमाणित वजावट या रकमेच्या 30 टक्के, म्हणजे 67,500. इथेच अनेकजण चुकतात आणि तीस टक्के थेट भाड्यावर काढतात. रंगकाम, दुरुस्ती, सोसायटीचा मेंटेनन्स यांचा खर्च कितीही होवो, तो या तीस टक्क्यांतच आला. वेगळा मागता येत नाही.

उरले 1,57,500. गृहकर्जाच्या हप्त्यांतलं व्याज 1,80,000 असेल, तर 22,500 तोटा. पूर्ण हप्ता वजा करू नका, मुद्दल यात धरत नाहीत. बँकेच्या व्याजाच्या दाखल्यातला आकडाच घ्या. जुन्या करप्रणालीत हा तोटा पगारातून वळता होतो, नव्या प्रणालीत होत नाही.