तारीख हवी तशी, पण अक्षर चुकले तर?

लिनक्सच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, नुसते date असे टाइप करून एंटर दाबले की संगणक आजचा दिवस आणि वेळ सांगतो. ही ओळ साधारण अशी दिसते:

```
Tue Aug  5 10:42:07 IST 2025
```

वाचायला ठीक आहे, पण पत्रावर किंवा फाइलच्या नावात अशी तारीख कोणी घालत नाही. म्हणून या कमांडला आपली मांडणी सांगता येते. अधिकचे चिन्ह टाकायचे आणि त्याला चिकटून मांडणी लिहायची. टक्क्याचे चिन्ह आणि त्यामागचे एक अक्षर मिळून तारखेचा एक तुकडा होतो. %Y म्हणजे चार आकडी वर्ष, %m म्हणजे महिना, %d म्हणजे दिवस. बाकी जे लिहाल, मग ती रेघ असो वा टिंब, ते जसेच्या तसे छापले जाते.

```
date +%d-%m-%Y
05-08-2025
```

मांडणीत मोकळी जागा हवी असेल तर ती सगळी अवतरण चिन्हांत घालावी लागते. नाहीतर जागेनंतरचा भाग date ला वेगळा शब्द वाटतो आणि ती सरळ चूक दाखवते. ही चूक मला आवडते, कारण ती दिसते तरी. date च्या बहुतेक चुका दिसत नाहीत. अक्षर चुकले तरी ही कमांड कुरकुर करत नाही, काहीतरी तारखेसारखे छापून मोकळी होते.

एक उदाहरण घेऊ. समजा एका छोट्या पतसंस्थेच्या संगणकावर रोज पहाटे 2 वाजून 5 मिनिटांनी हिशोबाचा बॅकअप घ्यायचा आहे आणि प्रत्येक फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख हवी आहे. आपल्या सवयीप्रमाणे 05/08/2025 असे लिहिता येत नाही, कारण लिनक्समध्ये तिरकी रेघ फोल्डर वेगळे करते. संगणक 05 नावाचे फोल्डर शोधत बसेल. 05-08-2025 चालते, पण यादी नावाप्रमाणे लावली की सगळ्या महिन्यांच्या पाच तारखा एकत्र येतात. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. ही मांडणी इतकी वापरात आहे की तिला %F हे एकच अक्षर दिलेले आहे.

आता समजा बॅकअप लावणाऱ्याने %F ऐवजी तिन्ही तुकडे स्वतः लिहिले आणि महिन्यासाठी स्मॉल एमऐवजी कॅपिटल एम दाबला. %M म्हणजे मिनिटे. त्याने दुपारी बसून पाहिले असते तर 2025-42-05 असे काहीतरी आले असते आणि बेचाळिसावा महिना पाहून तो सावध झाला असता. पण काम चालते पहाटे 2:05 ला. त्यामुळे फाइलच्या नावात 2025-05-05 येते. ऑगस्ट असो, सप्टेंबर असो, संगणकाच्या लेखी महिना कायम मेच. 5 सप्टेंबरची फाइल 5 ऑगस्टच्या फाइलवर लिहिली जाते आणि जुना बॅकअप पुसला जातो. फोल्डरमध्ये एका वर्षाच्या एकतीसपेक्षा जास्त फाइली कधीही नसतात आणि प्रत्येकीचे नाव शहाण्यासारखे दिसते. फाइल बनवल्याची खरी वेळ नावाशी ताडून पाहिली तरच हे उघडकीस येते.

ठरावीक वेळी काम करून घेणाऱ्या क्रॉनची स्वतःची एक खोड आहे. त्याच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह म्हणजे नवी ओळ. चिन्हाच्या अलीकडेच कमांड तुटते, उरलेला कंस उघडा राहतो आणि बॅकअप होतच नाही. म्हणून तिथे टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते:

```
5 2 * * * tar czf /backup/hishob-$(date +\%F).tar.gz /home/hishob
```

टर्मिनलमध्ये हात बसलेल्यांनाही ही रेघ आठवत नाही. मला विचाराल तर कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनला फक्त त्या स्क्रिप्टचे नाव द्यावे. मग टक्क्यांचा प्रश्नच उरत नाही.

भाड्याने घेतलेला सर्व्हर असेल तर आणखी एक गुंता होतो. असे सर्व्हर बरेचदा यूटीसी, म्हणजे जागतिक वेळेवर चालतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे 6 ऑगस्टचे पहाटेचे 2:05 झाले, तेव्हा तिथे 5 ऑगस्टचे रात्रीचे 8:35 वाजलेले असतात आणि फाइलवर कालची तारीख पडते. उपाय म्हणजे कमांडच्या आधी वेळेचा पट्टा सांगणे:

```
TZ=Asia/Kolkata date +%F
```

इथे कोणी Asia/Mumbai लिहिले, तर तसा पट्टा यादीत नाही. तरीही date चूक दाखवत नाही. गुपचूप यूटीसी वेळ छापते. पकडायचे असेल तर मांडणीच्या शेवटी %Z लावून पाहावे. बरोबर असेल तर IST दिसते, चुकले असेल तर नुसते Asia.

मराठीत तारीख हवी असली तरी हाच स्वभाव आडवा येतो. पुढच्या ओळीने वार आणि महिना मराठीत येतात, मात्र आकडे इंग्रजीच राहतात. %-d मधली रेघ दिवसाआधीचे शून्य काढते:

```
LC_TIME=mr_IN.UTF-8 date '+%A, %-d %B %Y'
```

संगणकावर मराठीची मांडणी बसवलेली नसेल तर वार आणि महिना इंग्रजीत येतात, तक्रारीचा एक शब्दही न येता. locale -a ही कमांड काय काय बसवलेले आहे ते दाखवते. मराठीची मांडणी बसवलेली असूनही इंग्रजीच येत असेल तर LC_ALL पाहावे, कारण ते ठरवलेले असले की LC_TIME चे काही चालत नाही.

सगळ्यात बेमालूम फसवते ते %G. तेही चार आकडी वर्षच देते, पण ते आठवड्यांच्या हिशोबाचे वर्ष असते. या हिशोबात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या वर्षात त्याचा गुरुवार पडतो, त्या वर्षाचा तो मानला जातो. वर्षातले बहुतेक दिवस %Y आणि %G एकच आकडा देतात. 30 डिसेंबर 2024 ला सोमवार होता आणि त्या आठवड्याचा गुरुवार 2 जानेवारी 2025 ला आला. म्हणून तिथे हे होते:

```
date -d 2024-12-30 +%G-%m-%d
2025-12-30
```

तारीख बरोबर, वर्ष पुढचे. 2014 च्या डिसेंबरअखेरीस ट्विटरच्या सर्व्हरनी याच जातीच्या चुकीतून पुढचे वर्ष सांगायला सुरुवात केली आणि अँड्रॉइड अॅपवरचे अनेक लोक आपल्या खात्यांतून बाहेर फेकले गेले.

वरच्या ओळीतल्या -d ने आजच्या ऐवजी हवी ती तारीख आणि वेळ देता येते. मांडणी कामाला लावण्याआधी तिला काम चालण्याची खरी वेळ देऊन पाहावी:

```
date -d '2025-08-05 02:05' +%Y-%M-%d
2025-05-05
```

ऑगस्ट दिला आणि मे आला, तर चूक तिथेच कळते. दिवस आणि महिन्याचे आकडे सारखे असतील, जसे 8 ऑगस्ट, तर त्यांची अदलाबदल दिसत नाही, म्हणून तशी तारीख चाचणीला घेऊ नये. 30 डिसेंबर 2024 मात्र जरूर द्यावी. ही -d ची सोय लिनक्समधल्या जीएनयूच्या date मध्ये आहे. मॅकवरची date वेगळ्या घराण्यातली असल्यामुळे तिथे या ओळी अशाच्या अशा चालत नाहीत.