‘तोशीस लागू देणार नाही’

कर्जत-खालापूरच्या खरेदीखतांत मला हे शब्द हमखास भेटतात. ही क्षतिपूर्तीची हमी. साध्या नुकसानभरपाईसाठी समोरच्याने करार मोडल्याचे सिद्ध करावे लागते. दूरान्वयाचे नुकसान करार कायद्याचे कलम ७३ देत नाही. क्षतिपूर्तीत तिसऱ्याच्या कृतीचा भारही हमी देणाऱ्यावर येऊ शकतो. शिवाय परेळकर विरुद्ध मंत्री खटल्यात १९४२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. छागला यांनी ठरवले, की देणे निश्चित झाले असेल तर पदरचे पैसे जाण्याआधीही हमी बजावता येते.

समजा, दहा लाखांना जमीन विकली. विकणाऱ्याच्या आत्याने हिस्सा मागितला, तर खरेदीदाराचा खर्च त्याने सोसणे रास्तच. पण हमीत ‘कोणत्याही दाव्यामुळे’ असे लिहिले असेल, तर खरेदीदाराच्या नव्या कुंपणावरून शेजाऱ्याने केलेला दावाही त्याच्याच गळ्यात पडू शकतो, तोही रकमेच्या मर्यादेविना. म्हणून मी विकणाऱ्याला ‘आमच्या हक्कातील दोषापुरती, मिळालेल्या किमतीपर्यंत’ एवढे शब्द घालून घ्यायला सांगतो.