साडेसात, पण कुणाचे?

नोकरी परदेशात आणि सातबारा गावात, अशा लोकांसाठी आम्ही वारस नोंदीवर एक वेबिनार ठेवला होता. रविवार, १५ मार्च २०२६, संध्याकाळी साडेसात. जाहिरात म्हणून इन्स्टाग्रामवर पाच स्लाइडचं कॅरोसेल टाकलं. शेवटच्या स्लाइडवर वेळा होत्या, आणि त्या मी फेब्रुवारीच्या कार्यक्रमावरून तशाच उचलल्या होत्या: न्यूयॉर्क सकाळी ९.

साडेसहालाच अमेरिकेतल्या तिघांचे मेसेज आले, 'अजून आत का घेत नाही?' ८ मार्चला तिथली घड्याळं तासभर पुढे गेली होती, म्हणजे आपले साडेसात ही त्यांची दहाची वेळ. ते तासभर लवकर आले, एवढ्यावरच निभावलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं पुन्हा मागे जातात. तेव्हा जुनी स्लाइड वापरली असती, तर ते तासभर उशिरा, म्हणजे प्रश्नोत्तरं संपत आल्यावर उगवले असते. लंडनचा बदल वेगळ्या तारखेला होतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे १५ मार्चला तिथे दुपारचे दोनच होते. दुबईत संध्याकाळचे सहा. भारत आणि दुबईत घड्याळ हलवत नाहीत, म्हणून ही जोडी बाराही महिने जमते.

चूक कळली तरी टाकलेल्या कॅरोसेलमधलं चित्र बदलता येत नाही. खालचा मजकूर मात्र दुरुस्त करता येतो. म्हणून आता शहरांच्या वेळा मी मजकुरातच लिहितो, आणि स्लाइडवर 'भारतीय वेळ' असं पूर्ण. नुसतं IST लिहिलं तर आयर्लंडमधला माणूस ते आपल्याकडच्या उन्हाळी वेळेचं नाव समजू शकतो. नोंदणी केलेल्यांना कॅलेंडरची नोंद पाठवतो, ती ज्याच्या त्याच्या फोनवर तिथल्या वेळेतच दिसते. मात्र ती नोंद करताना Asia/Kolkata निवडलंय ना, हे दोनदा पाहायचं.

बाकीच्या स्लाइडांत डोकं लागतं ते वक्त्याच्या ओळखीला. आधी आम्ही 'महसूल क्षेत्रातील दांडगा अनुभव' असं लिहिलं होतं. ते खोडून 'निवृत्त नायब तहसीलदार, फेरफार नोंदींचं काम केलेले' असं केलं, कारण वाचणाऱ्याला हेच हवं असतं की या माणसाने फेरफार खरोखर हाताळलेत का. कार्यक्रमपत्रिकेत मिनिटं दिली: वारसांचा अर्ज आणि कागदपत्रं २० मिनिटं, हरकत आली तर काय १५, प्रश्न २५. ज्याची हरकतच अडकलीय, त्याला नेमकं कधी यायचं ते कळतं.

सिडनीचं कोडं मात्र सुटत नाही. आपले रविवारचे साडेसात तेव्हा तिथे मध्यरात्रीनंतरचा एक, आणि वार सोमवार. नुसतं 'रात्री १' लिहिलं तर लोक आदल्या रात्रीच जागून बसतील, म्हणून 'सोमवार, १६ मार्च' ठळक छापावं लागतं. त्यांच्यासाठी कार्यक्रम दुपारी अडीचला आणला, तर न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे पाच. आम्ही साडेसातच ठेवले आणि सिडनीकरांच्या ओळीपुढे लिहिलं, 'रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी पाठवू.'