लेसर की चष्मा? सोळा वर्षांचा हिशेब

सिडकोतल्या 24 वर्षांच्या तरुणीचा नंबर उणे 4 आहे आणि वर्षभरात तो बदललेला नाही. चाळिशीपर्यंतचा हिशेब मांडू. दर अंदाजे धरले आहेत.

दर दोन वर्षांनी 4,000 रुपयांचा चष्मा, म्हणजे सोळा वर्षांत 32,000. कॉन्टॅक्ट लेन्स आणि सोल्युशनला महिना 900 धरले, तर 1,72,800. शिवाय रात्रीसाठी चष्मा लागतोच. दोन्ही डोळ्यांचं लेसर, तपासण्या आणि थेंब मिळून 75,000. म्हणजे लेन्सच्या तुलनेत लेसरचे पैसे सात वर्षांत वसूल होतात, चष्म्याच्या तुलनेत मात्र कधीच नाही.

फेऱ्यांचं काय? लेसरनंतर साधारणपणे दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, तीन आणि सहा महिन्यांनी दाखवावं लागतं. पुढे वार्षिक तपासणी सुटत नाही. लेसर फक्त बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतं. लांबट झालेला डोळा तसाच राहतो, त्यामुळे दृष्टिपटल फाटण्याचा धोकाही राहतो. अचानक काळे ठिपके किंवा चमक दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा बहुधा लागतोच.